चिंचोक्यांची बरणी: गटारीच्या रविवारी बुडालेलं आणि धुळवडीला सावरलेलं एक क्लाउड किचन

आमचं किचन पुण्यात कर्वेनगरच्या एका गल्लीत आहे. बसून जेवायची सोय नाही, पाटीसुद्धा नाही. दोन फूड ॲपवरून आणि थोड्या फोनवरून ऑर्डर येतात. मटण थाळी, चिकन थाळी, तांबडा-पांढरा रस्सा आणि ज्वारी-बाजरीची भाकरी. स्वयंपाकघर वहिनी बघतात, ऑर्डर आणि हिशेब मी बघतो. गेल्या आषाढातल्या शेवटच्या रविवारी दुपारी आमची जी फजिती झाली, तिथून पुढे आठ महिन्यांत आम्ही ग्राहकाला सांगायच्या वेळेचं काय केलं, ते इथे लिहितो. आकडे आमच्या केओटीचे, म्हणजे किचनमध्ये छापून येणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांचे, आणि वहीतले आहेत, दुसऱ्या किचनला ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत.

आधी किचनचा वेग कशावर अडतो ते सांगायला हवं. बाहेरच्या माणसाला वाटतं, मटणाला वेळ लागतो. मटण सकाळी दहालाच शिजून तयार असतं. ऑर्डर आल्यावर ते फक्त गरम करून वाट्यांत भरायचं असतं. रस्से उकळतच असतात. अडतं ते भाकरीपाशी, कारण भाकरी आधी करून ठेवता येत नाही. वीस मिनिटांनी ती वातड होते आणि गरम असताना डब्यात कोंडली तर वाफेनं ओली होते. म्हणून प्रत्येक भाकरी ऑर्डर आल्यावरच परातीत थापली जाते.

आमच्याकडे दोन मावशी, प्रत्येकीपुढे दोन तवे. एक भाकरी थापण्यापासून विस्तवावर फुगेपर्यंत साधारण तीन मिनिटं जातात, पण एक तव्यावर असताना दुसरी थापली जाते. घड्याळ लावून पाहिलं तेव्हा दोघींच्या मिळून तासाला ७५ भाकऱ्या निघाल्या, म्हणजे मिनिटाला सव्वा. आमच्या सरासरी ऑर्डरमध्ये चार भाकऱ्या असतात. म्हणजे काहीही केलं तरी तासाला १९ ऑर्डरच्या पुढे हे किचन जात नाही. बाकी वाढणं, पॅकिंग, स्टिकर याला आठ मिनिटं.

हे गणित आम्हाला गटारीच्या रविवारी माहीत नव्हतं. दोन्ही ॲपवर तयारीची वेळ २० मिनिटं लावलेली होती आणि ती वर्षभर तेवढीच होती.

त्या दिवशी बाराला सुरू केलं. साडेबारापर्यंत १० ऑर्डर आल्या, म्हणजे ४० भाकऱ्या. त्यातल्या ३५ झाल्या, पाच बाकी. सगळं छान चाललंय असंच वाटत होतं. साडेबारानंतरच्या वीस मिनिटांत १२ ऑर्डर आल्या. १२.५० ला २८ भाकऱ्या बाकी होत्या. केओटी अडकवायची रेल भरलेली पाहून मी वेळ २० ची ३० केली. आज हिशेब केला तर त्या क्षणाला ३० हा आकडा अगदी बरोबर होता: २८ भाकऱ्यांना २२ मिनिटं, वर आठ. पण ऑर्डर येण्याचा वेग तसाच राहिला. एक वाजता ४० भाकऱ्या बाकी, म्हणजे खरी वेळ ४० मिनिटं. १.२५ ला ८० भाकऱ्या बाकी, खरी वेळ ७२ मिनिटं, आणि ॲपवर अजून ३०.

इथे दोन चुका एकात एक अडकलेल्या होत्या. पहिली सरळ आहे: वेळ एकदाच बदलली आणि विसरलो. दुसरी मला बरीच उशिरा कळली. मी धरून चाललो होतो की वेळ वाढवली की गर्दी आपोआप थोडी कमी होईल. झाली नाही, कारण ग्राहक आमचा आकडा एकट्याने बघत नाही. त्याला स्क्रीनवर तयारी आणि प्रवास मिळून एकच वेळ दिसते आणि ती तो शेजारच्या किचनशी ताडून पाहतो. गटारीच्या रविवारी सगळ्यांचेच आकडे चढलेले होते. आम्ही ५० मिनिटं दाखवत होतो आणि बाकीचे तेवढीच किंवा जास्त दाखवत होते. मग आमच्याकडचा ओघ कशाला आटेल?

दाराशी काय चाललं होतं ते वेगळंच. ॲप रायडरला आम्ही दिलेल्या तयारीच्या वेळेच्या हिशेबाने बोलावतं. त्यामुळे रायडर वेळेवर येत होते आणि भाकऱ्या येत नव्हत्या. पाऊस होता. पत्र्याखाली आठ-नऊ रायडर उभे, प्रत्येक जण आत डोकावून ऑर्डरचा नंबर ओरडतोय. काही जण कंटाळून ऑर्डर सोडून गेले. मग नवीन रायडर मिळेपर्यंत बांधलेली थाळी काउंटरवर गार. तोवर ग्राहक थांबून थांबून ऑर्डर रद्द करू लागले. नऊ रद्द झाल्या, त्यातल्या पाचांच्या भाकऱ्या होऊन गेलेल्या होत्या. वीस भाकऱ्या म्हणजे दोन्ही मावशींची सोळा मिनिटं. जिथे अडतंय तिथलीच सोळा मिनिटं आम्ही कचऱ्यात टाकली, हे मला नुकसानीच्या रकमेपेक्षा जास्त लागलं.

१.२५ ला वहिनी म्हणाल्या, "बंद करा ते, आता नको." मी दोन्ही ॲप बंद केली. साठलेलं निपटायला २.२० झाले. पुन्हा चालू केलं तेव्हा लोकांची जेवणं उरकलेली होती आणि उरलेल्या वेळात चार ऑर्डर आल्या. दोन्ही मावशी तवे बंद करून बसल्या होत्या. दिवसाचा हिशेब: ५० ऑर्डर घेतल्या, ४१ पोचल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त उशिरा.

एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या दुपारी आणि आधीचे काही आठवडेही पॅकिंगवरचा मुलगा "फूड रेडी" बटण भाकरी तव्यावर असतानाच दाबत होता. मीच त्याला सांगितलं होतं, म्हणजे ॲपवर आमची नोंद चांगली दिसेल. त्याचा परिणाम असा झाला की ॲपच्या लेखी आमची सरासरी तयारी १७ मिनिटांची होती. त्या आकड्यावर विसंबून ॲप रायडर आणखी लवकर पाठवत होतं. आपणच खोटं सांगायचं आणि मग समोरचा तेच खरं धरतो म्हणून चिडायचं! श्रावणात गर्दी नसते. त्या महिन्यात आम्ही एवढं एकच केलं: पिशवी बांधली की मार्करने तिच्यावर खरी वेळ लिहायची आणि बटण तेव्हाच दाबायचं. केओटीवर छापलेली वेळ आणि पिशवीवरची वेळ यातला फरक रोज वहीत. महिन्याभरात ॲपवरचा आकडा खऱ्याच्या जवळ आला. त्याआधी केलेला कुठलाही बदल वायाच गेला असता.

आता मूळ प्रश्न. रांगेतल्या कामाला कामाच्या वेगाने भागलं की थांबायची वेळ मिळते. रांगशास्त्रात याच नात्याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सिद्धता दिली. नियम सोपा आहे, पण रांगेत मोजायचं काय, हे ठरवावं लागतं. आम्ही आधी ऑर्डर मोजत होतो. एका ऑर्डरमध्ये दोन भाकऱ्या असतात आणि दुसरीत दहा, मग "रेलवर बारा केओटी" याला अर्थ काय? भाकऱ्याच मोजायला हव्यात, आणि त्याही भर गर्दीत, डोक्यात बेरीज न करता.

त्यावर वहिनींनी काढलेला उपाय म्हणजे चिंचोके. काचेची एक उंच बरणी पॅकिंग काउंटरवर ठेवली. केओटी निघाली की तिच्यावर जितक्या भाकऱ्या, तितके चिंचोके बरणीत. भाकरी पॅकिंगला आली की एक चिंचोका बाहेर. बरणीत एकेकदा १५, २८, ४० आणि ५२ चिंचोके भरून बाहेरून मार्करने रेघा मारल्या. त्या रेघांशेजारी लिहिलं २०, ३०, ४०, ५०. ही बरणी त्या रेघेपर्यंत असताना ॲपवर लावायची तयारीची मिनिटं. बरणीकडे नजर टाकली की आकडा समजतो. मी याची एक्सेल शीट करणार होतो. पिठाच्या हातांनी मोबाइलवर शीट कोण उघडणार, असं वहिनींनी विचारलं आणि विषय संपला.

सुरुवातीला बरणी मावशींच्या समोर ठेवली होती. दुसऱ्याच रविवारी थोरल्या मावशी म्हणाल्या, "दादा, ती बरणी हलवा इथनं. भरलेली दिसली की हात घाई करतात, मग भाकरी चिरते." खरंच त्या दिवशी फाटलेल्या भाकऱ्या जास्त होत्या. बरणी काउंटरवर गेली, मावशींची तिकडे पाठ.

कार्तिकात एकदा उलटी चूकही झाली. गर्दीला घाबरून मी सकाळपासूनच ४० मिनिटं लावून ठेवली होती. बरणीत दहासुद्धा चिंचोके नव्हते. भाकऱ्या सोळा मिनिटांत बांधून तयार आणि रायडर पस्तिसाव्या मिनिटाला हजर. "भाकरी वातड होती" अशा तक्रारी त्या दिवशी जितक्या आल्या, तितक्या गटारीलाही आल्या नव्हत्या. जास्त वेळ सांगून ठेवली की आपण सुरक्षित, ही समजूत निदान भाकरीच्या बाबतीत चुकीची आहे. तेव्हापासून थोपवायचं म्हणून वेळ लावायची नाही, बरणी सांगेल तीच लावायची, हे पक्कं झालं. गर्दी थोपवली जाते ती खरा आकडा दाखवल्यामुळेच.

ती कशी, ते साध्या रविवारांवर लक्ष ठेवल्यावर कळलं. तयारी ३० लावली तर आमच्याकडे येणाऱ्या ऑर्डरमध्ये फरक पडत नाही. ४० लावली की प्रवास धरून स्क्रीनवर एक तास दिसतो आणि तिथे लोक बिचकतात. ५० ला ओघ निम्म्यावर येतो. म्हणजे बरणी चढली की आकडा चढतो, आकडा चढला की नवे चिंचोके कमी पडतात आणि मावशींचा वेग व येणाऱ्या ऑर्डरचा वेग कुठेतरी सारखा होतो. आमच्याकडे हे २८ आणि ५२ च्या रेघांमध्ये होतं. बरणी तिथे राहिली की मावशी रिकाम्या बसत नाहीत आणि ग्राहकालाही प्रवास धरून तासाभराच्या आसपासच थांबावं लागतं. बरणी रिकामी ठेवायचा हट्ट धरला तर मधेमधे तवे मोकळे राहतात.

दोन नियम मात्र अनुभवाने जोडावे लागले. आकडा वाढवायचा तो ताबडतोब, पण उतरवायचा तो बरणी रेघेखाली सलग दहा मिनिटं राहिल्यावरच. नाहीतर बरणी ४० च्या आसपास वरखाली झाली की आकडाही वरखाली होतो, आणि ज्याने कमी वेळ पाहून ताट निवडायला सुरुवात केली तो तीन-चार मिनिटांनी पैसे भरतो तेव्हा परिस्थिती बदललेली असते. दुसरा नियम वरच्या टोकाचा. बरणी ५२ च्या वर गेली की वेळ आणखी वाढवायची नाही. ६० मिनिटं तयारी लावून ऑर्डर येतात, पण त्यातल्या बऱ्याच वाटेत रद्द होतात आणि गटारीला झालं तसं तव्यावरचं काम वाया जातं. तेव्हा भाकरीच्या थाळ्या "उपलब्ध नाही" करायच्या आणि मटण-भात, चिकन-भात चालू ठेवायचे. भाताला चिंचोका लागत नाही. थाळ्या परत चालू करायच्या त्या बरणी ४० ला आल्यावर, ५१ ला नाही.

धुळवडीला कसोटी लागली. पुण्यात रंग खेळायचा तो रंगपंचमीला, धुळवड मटणाची. बाराला उघडलं. १२.२० ला पहिली रेघ ओलांडली, ३० लावले. १२.३५ ला दुसरी, ४० लावले. तोवर गटारीसारखाच ओघ होता. १२.४२ ला फोन आला. जुने गिऱ्हाईक, ओळखीचे काका: "अरे, चोवीस भाकऱ्या आणि दोन किलो मटण, पाहुणे आलेत." मी हो म्हणून बसलो. मुलाने चोवीस चिंचोके मोजून टाकले आणि बरणी तिसावरून थेट चोपन्नावर. त्याने माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही. एका फोनने मावशींची एकोणीस मिनिटं घेतली होती आणि ॲपला त्याचा पत्ता नव्हता. भाकरीच्या थाळ्या लगेच बंद केल्या. १२.५५ ला बरणी ४० च्या खाली आली, तेव्हा ५० लावून चालू केल्या. त्यानंतर सव्वादोनपर्यंत बरणी २८ आणि ५२ च्या मधेच खेळत राहिली. त्या वेळात दर अर्ध्या तासाला नऊ ते अकरा ऑर्डर आल्या, म्हणजे आमच्या दोन मावशींना झेपतील तेवढ्याच. गटारीला त्याच वेळात त्याच्या दुप्पट घेतल्या होत्या.

दाराशी एका वेळी दोन-तीन रायडर. ॲपच्या ४७ ऑर्डर, भाताच्या पाच आणि काकांची एक पोचली, दोन रद्द झाल्या. ४१ च्या जागी ५३. फार मोठी उडी नाही, आणि असूही शकत नाही, कारण तवे तेवढेच होते. जे आमचा एक तास बघून दुसरीकडे गेले ते गेलेच. वहिनींना ते अजून खटकतं. माझं म्हणणं, ते गटारीलाही जाणारच होते, फक्त पाऊण तास थांबून, शिव्या घालून.

उशीर झालेल्या ऑर्डर दोनच, पण त्यांचं कारण नोंदवण्यासारखं आहे. एका ॲपवर वेळ दहा-दहाच्या टप्प्याने वाढवता येते आणि ती तशीच राहते. दुसऱ्यावर "गर्दी" असं बटण आहे, ते अर्धा तास चालतं आणि गुपचूप बंद होऊन वेळ मूळच्या २० वर येते. १.४० ला तसं झालं. सहा मिनिटांनी माझं लक्ष गेलं, तोवर २० मिनिटं बघून चार ऑर्डर आत आल्या होत्या. आता त्या बटणासोबत मोबाइलवर पंचवीस मिनिटांचा गजर लावतो. फोनवरच्या मोठ्या ऑर्डर सणाच्या दिवशी सकाळी अकरापर्यंतच घेतो आणि त्यांच्या भाकऱ्या साडेअकरालाच होतात. काकांना तसं सांगितलं, ते थोडे रुसले.

अजून एक गोष्ट बरणीवर दिसत नाही: हात दमतात. धुळवडीला पहिल्या तासात ७६ भाकऱ्या निघाल्या, दुसऱ्यात ७२, तिसऱ्यात ६४. रेघा ७५ च्या वेगावर मारलेल्या, त्यामुळे दोननंतर बरणी सांगते त्याहून वेळ जास्त लागतो. ४० च्या रेघेवर ४० ऐवजी ४५-४६ मिनिटं. म्हणून बरणीच्या मागच्या बाजूला लाल मार्करने दुसऱ्या रेघा मारल्या, थोड्या खाली. दोन वाजले की मुलगा बरणी फिरवतो. तिसऱ्या मावशींना सव्वाला बोलावून बघितलं, तर भाकरीचा वेग वाढला खरा, पण मग पॅकिंगवर पिशव्या साठू लागल्या. तिथे एकच मुलगा आहे आणि तासाला वीस-बावीस पिशव्यांच्या पुढे त्याचा हात चालत नाही. त्या दिवशी बरणी रिकामी आणि काउंटर भरलेलं. म्हणजे तिसऱ्या मावशी आल्या तर चिंचोके भाकऱ्यांचे न धरता पिशव्यांचे धरावे लागतील.

येत्या आषाढासाठी वहिनींना तांदळाची भाकरी सुरू करायची आहे. तिला उकड काढून मळावी लागते, वेळ जास्त जातो. गेल्या मंगळवारी गर्दी नसताना दोघींनी वीस करून बघितल्या, चोवीस मिनिटं लागली. तेवढ्यात ज्वारीच्या तीस झाल्या असत्या. म्हणजे एका तांदळाच्या भाकरीला दीड चिंचोका. अर्धा चिंचोका बरणीत टाकता येत नाही, म्हणून मेन्यूवर ती जोडीनेच ठेवली आहे: दोन भाकऱ्या, तीन चिंचोके.